सात सोमवार आणि एक मेसेज

प्रश्न: मी इंदूरला दवा बाजारात एका घाऊक औषध पेढीत बिलिंगचं काउंटर सांभाळतो. माझ्या हाताखालचा एक जण फेब्रुवारीपासून नऊ दिवस आला नाही आणि त्यातले सात सोमवार आहेत. दर वेळी सकाळी सव्वानऊला मेसेज येतो, "तब्येत बरी नाही." कामाला एकदम चोख आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही शेजारी बसून बिलं काढायचो, आजही एकमेकांना अरे-तुरे करतो, घरंही ओळखीची आहेत. शेठ म्हणतात, सरळ मेमो दे. मला आधी त्याला खासगीत लिहायचं आहे. दुखावणारं नको, पण गुळमुळीतही नको. काय लिहू?

उत्तर:

मेमोच्या आधी लिहायचं ठरवलंत हे बरोबर केलंत. पण लिहायला बसण्याआधी हजेरीचं रजिस्टर घेऊन अर्धा तास बसा. अशा मेसेजचं बरंवाईट त्या अर्ध्या तासात ठरतं. पीथमपूरच्या कारखान्यांत आणि नंतर इथे शहरात माणसांचं काम बघताना मला बावीस वर्षं झाली. या काळात सोमवारचे खाडे म्हणून माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी रजिस्टरपाशीच विरल्या. कुणी सोमवारी डेपोवर गेलेला असायचा आणि मशीनवर अंगठा लागलेला नसायचा. कुणी रजा महिनाभर आधी मंजूर करून घेतलेली असायची. म्हणून तुमच्या नऊ दिवसांतून आधी मंजूर झालेल्या रजा, बाहेरच्या कामाचे दिवस आणि ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र असलेले दिवस वेगळे काढा. ते मोजायचे नाहीत. उरतील त्या तारखा कागदावर वारासकट लिहा.

तुमच्या आकड्यांवरून मी एक नमुना मांडतो. तारखा तुमच्या रजिस्टरप्रमाणे बदलून घ्या. समजा, 2025 साली तो 24 फेब्रुवारी, 10 मार्च, 24 मार्च, 7 एप्रिल, 28 एप्रिल, 19 मे आणि 2 जून या सोमवारी आला नाही. शिवाय 20 मार्चचा गुरुवार आणि 9 मेचा शुक्रवार. 20 मार्च म्हणजे रंगपंचमीच्या गेरचा दुसरा दिवस. त्या दिवशी अर्धं इंदूर कामावर उशिरा येतं, तेव्हा त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका.

आता प्रश्न असा की हे खरोखर सोमवारचं प्रकरण आहे की नुसता योगायोग. आठवड्याला सहा दिवस काम, म्हणजे सोमवारच्या वाट्याला सहावा हिस्सा यायला हवा असं आपण पटकन धरतो. ते चुकीचं आहे. जो माणूस शनिवारी रात्री किंवा रविवारी तापाने पडतो, त्याचा रविवार कुठेही नोंदला जात नाही, कारण त्या दिवशी सुट्टी असते. त्याचा आजार रजिस्टरवर पहिल्यांदा दिसतो तो सोमवारी. अगदी प्रामाणिक माणसाचाही सोमवारचा हिस्सा त्यामुळे फुगतो. मी तो दुप्पट धरतो, म्हणजे तीनातला एक. या हिशेबाने एखादा माणूस तीन दिवस आला नाही आणि त्यातले दोन सोमवार निघाले, तर त्याला काहीच अर्थ नाही. नुसत्या योगायोगाने दर चार माणसांत एकाच्या बाबतीत तसं होईल. तीन खाड्यांवरून कुणाला मेसेज पाठवणं हा अन्याय आहे आणि तो फार सर्रास होतो. नऊपैकी सात ही गोष्ट मात्र निराळी. सोमवारचा वाटा दुप्पट धरूनही योगायोगाने असं होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. तेव्हा बोलायला आधार आहे.

पण आधार कशाला आहे ते नीट लक्षात घ्या. सोमवारी काहीतरी आहे, इतकंच हे आकडे सांगतात. काय आहे ते सांगत नाहीत. वरच्या तारखांमधली अंतरं पाहा: दोन आठवडे, दोन आठवडे, दोन, तीन, तीन, दोन. लागोपाठचे दोन सोमवार एकदाही गेलेले नाहीत. रविवारी रात्री जागून सोमवारी न उठणारा माणूस इतका नेमाने एकाआड एक सोमवार चुकवेल असं मला वाटत नाही. तुमच्या खऱ्या तारखांतही अशी अंतरं काढून बघा. त्यावरून कारण ओळखायचं नाही. आपल्या मनात आधीच बसलेलं कारण जरा सैल व्हावं, एवढ्यासाठी ते करायचं.

मनात बसलेल्या कारणाने काय होतं ते मी एकदा अनुभवलं आहे. पीथमपूरला एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात एक मुलगा होता, त्याचेही असेच सोमवार जायचे. मी त्याला लिहिलं, "रविवार जरा आवरता घे, सोमवारी कामावर यायचं असतं." त्याने "जी सर" एवढंच लिहिलं आणि पुढचे तीन सोमवार आला. चौथ्या सोमवारी आला नाही, आणि मग आलाच नाही. त्याने नोकरी सोडली. नंतर त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाकडून कळलं की त्याच्या वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असायचं, सोमवारी आणि गुरुवारी. गुरुवारी धाकटा भाऊ न्यायचा. सोमवारी भावाचं कॉलेजचं प्रॅक्टिकल असे, मग हा जायचा, आणि भावाला जमलं की कामावर यायचा. डायलिसिसला चार तास लागतात, शिवाय जाणं-येणं. आम्ही त्याला सोमवारी दुपारची पाळी सहज देऊ शकलो असतो, पाळ्या तीन होत्या. माझ्या एका वाक्याने त्याचं तोंड बंद केलं. वडिलांसाठी दवाखान्यात बसणारा माणूस माझ्या लेखी रविवारी मजा मारणारा ठरला होता. असं ठरल्यावर तो मला खरं का सांगेल?

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. मेसेजमध्ये कारणाची जागा कोरी सोडायची आणि बाकी सगळं भरायचं. तारखा, कामावर झालेला परिणाम, पुढे काय हवं आहे, कधी बोलायचं, हे सगळं नेमकं लिहायचं. का येत नाही याबद्दल अंदाजाचा एक शब्दही नको, काळजीच्या सुरातलाही नको. "घरी काही टेन्शन आहे का?" हाही अंदाजच आहे. टेन्शन घरी नसून तुमच्या काउंटरवरही असू शकतं, त्याकडे पुढे येतो.

मी असा मेसेज लिहिला असता:

"एक कामाचं लिहितोय, फक्त तुला. फेब्रुवारीच्या शेवटापासून तू नऊ दिवस आला नाहीस, त्यातले सात सोमवार आहेत: 24 फेब्रुवारी, 10 आणि 24 मार्च, 7 आणि 28 एप्रिल, 19 मे, 2 जून. तारखा हजेरीवरून काढल्या आहेत, एखादी चुकली असेल तर सांग.

सोमवारी रविवारच्या ऑर्डरही आपल्यावर येतात. तू नसलास की ती बिलं दोघांना काढावी लागतात आणि दुपारची गाडी रखडते. 2 जूनला ती दोन तास उशिरा निघाली.

तुझ्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. सोमवारी काही अडचण असेल तर सांगावंसं वाटेल तेवढंच सांग. कारण न सांगता, सोमवारी अमुक सोय हवी, एवढं म्हणालास तरी चालेल. वेळ मागेपुढे करणं किंवा आधी ठरवून रजा देणं माझ्या हातात आहे, ते मी करीन.

पण आयत्या वेळी न येणं यापुढे चालणार नाही. येत्या सोमवारपासून, यायला जमणार नसेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत सांग. अगदी अचानक काही झालं तर सकाळी साडेआठच्या आत मला फोन कर, मेसेज नको.

उद्या चार वाजता पंधरा मिनिटं बसू. इथे उत्तर लिहायची गरज नाही, 'ठीक' म्हण, पुरे."

गाडी किती उशिरा निघाली हे मी नमुन्यापुरतं लिहिलं आहे. तुमच्याकडे घडलं असेल तेच लिहा, आणि एकच उदाहरण द्या. पाच उदाहरणं दिली की आरोपपत्र होतं.

सुरुवातीला त्याचं नाव घालाल, ते रोज हाक मारता तसंच घाला. आपल्याकडे हिंदीच्या सवयीने नावापुढे "जी" लावून मेसेज सुरू करायची पद्धत आहे. रोजच्या माणसाला अचानक "जी" लागला की तो दुसरी ओळ वाचायच्या आधीच घाबरतो. "तू"चंही तसंच. तुम्ही एकमेकांना अरे-तुरे करता, मग मेसेजमध्ये "आपण दिनांक अमुक रोजी" आलं तर मेमोच हातात पडल्यासारखं होतं. तो तुमच्याहून वयाने मोठा असता, किंवा त्याला तुम्ही आधीपासून "अहो" म्हणत असता, तर हाच मजकूर "तुम्ही"ने लिहायला हवा होता, कारण मोठ्या माणसाला एकेरीत लिहिलेलं "चालणार नाही" फार लागतं. भाषाही तीच ठेवा, ज्या भाषेत तुम्ही दोघं एकटे असताना बोलता. काउंटरवर तुमचं सगळं हिंदीत चालत असणार. तरी जेवायच्या सुट्टीत तुम्ही मराठीत बोलत असाल, तर हा मेसेज मराठीतच जाऊ दे.

"दांडी" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. दांडी मारली म्हटलं की कारण खोटं होतं हे आपणच जाहीर करून टाकतो. "खाडा" बोलताना ठीक आहे, मी वर वापरलाच आहे, पण लिहून पाठवला की त्यात मजुरी कापल्याचा वास येतो. "गैरहजर" हा मेमोतला शब्द आहे, तो मेमोसाठी राहू दे. "तू आला नाहीस" यात नुसती घटना आहे, त्याबद्दलचं मत नाही. म्हणून मी तेच वापरलं.

आता मेसेजमधल्या दोन जागा जरा उलगडतो, कारण लोक नेमक्या तिथेच घसरतात.

पहिली जागा "तुझ्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही" ही. हे खरं असेल तरच लिहा. तुम्ही त्याला चोख म्हणता, म्हणून मी लिहिलं. पण ही ओळ तारखांच्या आधी घालू नका. आधी कौतुक आणि मग "पण" अशी रचना माणसं लगेच ओळखतात, आणि मग पुढच्या प्रत्येक कौतुकाला ती "पण"ची वाट बघत बसतात. तारखा आणि गाडीचा उशीर वाचून झाल्यावर त्याच्या मनात येणार, "म्हणजे मी कामाचाच नाही का?" त्या क्षणी ही ओळ त्याला उपयोगी पडते.

दुसरी जागा "पण आयत्या वेळी न येणं यापुढे चालणार नाही." मऊ मनाची माणसं नेमकी हीच ओळ खोडतात आणि तिथे "जरा बघ ना", "शक्यतो टाळ" असं काहीतरी घालतात. तुम्हाला गुळमुळीत नको आहे, तर ही ओळ जशीच्या तशी राहू द्या. ही ओळ कठोर वाटू नये याची सोय तिच्या आधीच्या परिच्छेदात आणि नंतरच्या वाक्यात आहे. चालणार नाही ते सोमवारी न येणं नाही, आयत्या वेळी न येणं आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे. सोमवारी त्याला खरंच अडचण असेल तर तो दूर राहू शकतो, फक्त आधी कळवून, म्हणजे तुम्हाला दुसरा माणूस बसवता येईल. तुमच्या पेढीचं नुकसान रिकाम्या खुर्चीने होतंच, पण त्याहून जास्त होतं ते सव्वानऊला कळण्याने. तेव्हा दुसरा माणूस मिळवायची वेळ निघून गेलेली असते.

साडेआठ वाजता फोन, मेसेज नको, हेही मुद्दाम आहे. "तब्येत बरी नाही" टाइप करणं सोपं असतं. फोनवर तेच सांगताना दोन वाक्यं जास्त बोलली जातात, आणि खरी अडचण पुष्कळदा त्या दोन वाक्यांत बाहेर येते. मात्र फोन आला की उलटतपासणी करायची नाही. "ठीक आहे, काळजी घे, उद्या येतोस ना?" एवढंच म्हणायचं.

काय लिहू नये तेही सांगतो. "हे आपल्या दोघांतच राहील" असं वचन देऊ नका. तुमच्या शेठना गैरहजेरी माहीत आहे, आणि उद्या पाळी बदलायची झाली तर त्यांना काहीतरी सांगावंच लागेल. "फक्त तुला लिहितोय" हे खरं आहे, तितकंच म्हणा. कुणाला काय सांगायचं ते भेटीत त्याच्याशीच ठरवा. तसंच "शेठ मेमो द्यायला सांगत होते, मीच थांबवलं" हेही नको. त्यात धमकीही येते आणि उपकारही चढतो. त्याने भेटीत विचारलं, शेठना माहीत आहे का, तर खरं सांगा.

डॉक्टरचा कागद या मेसेजमध्ये मागू नका. एका दिवसाच्या आजाराचा कागद मिळवायला इंदुरात फार कष्ट पडत नाहीत. तुम्ही मागितलात तर कागद येईल, आणि कारण कायमचं त्याच्यामागे लपेल.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितो. इंदूरचा मराठी समाज दाट विणलेला आहे. रामबागेत झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत राजेंद्रनगरला पोचते. घरं ओळखीची आहेत म्हणता, म्हणजे तुम्हाला सोपा रस्ता दिसत असेल: वहिनींनी सहज त्याच्या आईला विचारायचं, "सोमवारी घरी असतो का हो?" हे अजिबात करू नका. तो कामावर येत नाही हे त्याच्या घरी माहीत असेलच असं नाही. डबा घेऊन वेळेवर निघत असेल आणि जात दुसरीकडेच असेल. तुमच्या एका चौकशीने त्याच्या घरात काय होईल ते तुमच्या हातात राहणार नाही. शिवाय तो पुन्हा तुमच्यावर कधी विश्वास ठेवणार नाही. गणेशोत्सवाच्या मंडळात भेटलात तरी हा विषय तिथे काढायचा नाही.

मेसेज मंगळवारी किंवा बुधवारी पाठवा, काउंटर थंड असतं त्या वेळी. तो आला नाही त्याच सोमवारी पाठवलात तर तुमचा राग शब्दांत उतरतो, आणि तो खरंच आजारी असला तर अंथरुणात वाचतो. शनिवारी पाठवलात तर पूर्ण रविवार त्याच्या डोक्यात तेच घोळतं आणि सोमवारी येणं आणखी जड होतं. दोन जूनच्या सोमवारनंतर मी चार तारखेचा बुधवार धरला असता आणि भेट गुरुवारी ठेवली असती. मेसेज आणि भेट यांत एका दिवसाहून जास्त अंतर नको.

उत्तर काय येईल? बहुतेक वेळा येतं, "सॉरी, पुढे असं होणार नाही." हे वाचून हायसं वाटतं, आणि आपण भेट रद्द करतो. तीच चूक आहे. या वाक्याने तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. ज्याला खरी अडचण आहे तोही हेच लिहितो आणि पुढचे तीन सोमवार कसेतरी काढतो, माझ्या पॅकिंगमधल्या त्या मुलासारखे. तुम्ही एवढंच लिहा, "बरं. उद्या चारला बसूच." काही जण रात्री अकराला लांबलचक मनातलं लिहितात. त्याला त्याच रात्री लांब उत्तर देऊ नका, उपायही सुचवू नका. "वाचलं. बरं झालं लिहिलंस. उद्या बोलू," इतकं पुरे. रात्री दिलेलं आश्वासन सकाळी पेढीत पाळता येत नाही, असं मी दोनदा पाहिलं आहे.

भेट केबिनमध्ये, काचेआड, सगळ्यांच्या नजरेसमोर नको. खाली चहाच्या टपरीवर नको, तिथे दवा बाजारातला प्रत्येक दुसरा माणूस ओळखीचा. गोदामाच्या कोपऱ्यात दोन स्टुलं टाकून बसा. पहिला प्रश्न, "तारखा बरोबर आहेत ना?" दुसरा, "सोमवारी काय केलं तर तुला सोपं जाईल?" आणि मग गप्प बसा. ही शांतता फार अवघड असते. दहा सेकंद झाले की आपणच बोलायला लागतो आणि त्याचं उत्तर आपणच देऊन टाकतो. तसं करू नका.

या भेटीत एका शक्यतेसाठी मन तयार ठेवून जा: कारण तुमच्या काउंटरवरच असू शकतं. सोमवारी तुमच्याकडे काय होतं? आठवड्याची वसुली तपासतात का? एक्सपायरीचा माल परत घेण्यावरून गिऱ्हाईक सगळ्यांसमोर भांडतं का? शेठ सोमवारी सकाळी कुणाला तरी उभं करून बोलतात का? मी एका ठिकाणी पाहिलं, चार जणांचे सोमवार जात होते आणि त्या चौघांचा आजार एकच होता, साडेनऊची मीटिंग. तिथे मागच्या आठवड्याच्या चुका नाव घेऊन वाचून दाखवत. वाचणं बंद केलं आणि चुका ज्याच्या त्याला वेगळ्या सांगायला लागलो, तेव्हा त्यातले तिघे नियमित येऊ लागले. म्हणून तुमच्या बाकीच्या माणसांचेही सोमवार एकदा त्याच कागदावर काढा. त्याच्यासारखाच नमुना आणखी कुणाचा निघाला, तर आधी सोमवार बदला, मग मेसेज पाठवा. आणि दुसऱ्या कुणाचे चार सोमवार तुम्ही न बोलता सोडले असतील, तर याला सात सोमवारांवर लिहिण्याआधी त्यालाही विचारा. "इतरही घेतात" असं तो म्हणाला, तर त्यावर तुमच्याकडे खरं उत्तर असायला हवं.

कारण दारू निघालं तर? निघतं कधी कधी. तेव्हाही मेसेज हाच, शब्दही हेच. वागणं बदलतं ते भेटीनंतर: उपचारासाठी आधी ठरवून रजा द्या, पण आयत्या वेळच्या खाड्याची अट तशीच ठेवा. कारण सांगायला तो तयारच झाला नाही, तरीही अट तीच. कारण सांगणं त्याच्या मर्जीवर आहे, शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवणं नाही.

भेट झाली की त्याच दिवशी दोन ओळी लिहून ठेवा, त्याच चॅटवर: "ठरलं ते असं: महिन्यात दोन सोमवार तू साडेबाराला येणार, शनिवारी सांगून. बाकी सोमवारी वेळेवर. 15 जुलैला पुन्हा बसू." कारण यातही लिहायचं नाही, त्याने विश्वासाने सांगितलं असलं तरी नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट फिरतात, फोन घरी मुलांच्या हातात असतात. आणि पुढे गोष्ट मेमोपर्यंत गेलीच, तर हा मेसेज आणि या दोन ओळी तुमचे पहिले कागद ठरतील. तेव्हा ते शेठनी, वकिलाने किंवा त्याच्या आईने वाचले तरी चालतील असेच असू देत.

15 जुलै मी सहा सोमवार मोजून काढली आहे: 9, 16, 23, 30 जून, 7 आणि 14 जुलै. दोन आठवड्यांत काही कळत नाही, कारण मेसेजनंतरचे पहिले दोन-तीन सोमवार कुणीही येतो. सहापैकी एखादा ठरल्याप्रमाणे कळवून चुकला तर ते यशच समजा. न कळवता दोन चुकले तर मग मेमोचा रस्ता घ्या, आणि घेण्याआधी त्याला तोंडाने सांगा की आता हे लेखी होणार आहे.

यात एक स्थानिक अडचण आहे. 14 जुलै हा इथल्या पंचांगाप्रमाणे श्रावणातला पहिला सोमवार. आपल्या मराठी घरात श्रावण पंधरा दिवसांनी लागतो, म्हणजे आपला पहिला श्रावणी सोमवार 28 जुलैला. इंदूरचे लोक श्रावणात सोमवारी उज्जैनला महाकालाच्या सवारीला जातात, जेमतेम पंचावन्न किलोमीटर, आणि पेढ्यांवर त्या दिवसांत निम्मी माणसं अर्ध्या दिवसाची रजा मागतात. तुमचे शेठही ती देत असतील. मग त्यालाही ती इतरांसारखीच मिळाली पाहिजे, आणि ती या हिशेबात धरायची नाही. श्रावणातल्या रजा कुणाला कोणत्या सोमवारी, हे जूनअखेरीस सगळ्यांसाठी एकदमच लिहून लावा. तो फलक लागला की त्याच्या एकट्याच्या सोमवारांकडे कुणी बोट दाखवणार नाही, आणि तुम्हालाही 14 तारखेच्या सकाळी सव्वानऊला फोनकडे बघत बसावं लागणार नाही.